चार्ज कसा द्यायचा: कुपवाडच्या मशीनशॉपमधली एक दिवसाची कार्यशाळा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे आणि तिथलं ट्रेनिंगचं काम माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी प्लँट हेडनी बोलावून सांगितलं, "मॅडम, पोरांचं कम्युनिकेशन फार कच्चं आहे. एक दिवसाचं ट्रेनिंग लावा. बाहेरून कुणी चांगला वक्ता मिळाला तरी चालेल." मी विचारलं, हे कच्चेपण नेमकं कुठे दिसलं? तेव्हा त्यांनी टेबलावरचा रिजेक्शनचा कागद माझ्यापुढे सरकवला. रात्रपाळीच्या सुरुवातीलाच एकाच लेथवर दहा बेअरिंग हाउसिंग भंगारात गेली होती.

पुढचं सगळं याच दहा हाउसिंगांवर उभं राहिलं, म्हणून काय झालं होतं ते आधी सांगते. हाउसिंगमधला बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, ६२ मिलिमीटरचा होता, टॉलरन्स एच ७. म्हणजे बोअर ६२.००० ते ६२.०३० मिलिमीटरच्या आत बसला पाहिजे. बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजत जातो तसा बोअर हळूहळू लहान येतो. मग ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढायला मशीनला दिलेला आकडा, थोडा थोडा वाढवून बोअर मापात ठेवतो. त्या दिवशी दुपारपाळीत असं करत करत ऑफसेट ०.०४० वर गेला होता. अकराला दहा मिनिटं असताना इन्सर्टचा काउंट संपला. ऑपरेटरने नवा इन्सर्ट लावला आणि काउंटर शून्य केला. ऑफसेट मात्र मागे घ्यायचा राहिला, कारण बस सुटायची वेळ झाली होती. नव्या इन्सर्टचं टोक मूळ जागी आलेलं आणि ऑफसेट झिजलेल्या इन्सर्टचा, त्यामुळे बोअर ६२.०५० च्या आसपास निघायला लागला. रात्रपाळीचा ऑपरेटर आला, त्याने काउंटर शून्य बघितला, "इन्सर्ट बदललाय" हे वाक्य ऐकलं आणि सायकल स्टार्ट दाबली. चालू जॉब असल्यामुळे पहिल्या पीसच्या तपासणीसाठी मशीन थांबवायची पद्धत नव्हती. क्वालिटीचा माणूस एकेक मशीन करत तिथे पोचला तेव्हा बोअर मापापेक्षा मोठा असेल तरच आत जाणारा नो-गो गेज सरळ आत गेला. लहान बोअर परत कापता येतो. मोठा झाला की कास्टिंग गेलंच.

लॉगबुकमध्ये दुपारपाळीची नोंद होती: "मशीन ओके. इन्सर्ट बदलला." दोन्ही वाक्यं खरी होती. खोटं कुणी बोललं नव्हतं आणि मुद्दाम काही लपवलंही नव्हतं. नोंदीत फक्त एका गोष्टीला जागा नव्हती, अर्धवट राहिलेल्या कामाला. हे लक्षात आल्यावर मी प्लँट हेडना सांगितलं की मी कम्युनिकेशनवर काही घेणार नाही. पाळी बदलताना चार्ज देणं आणि घेणं, म्हणजे जाणाऱ्याने मशीनचं काम येणाऱ्याच्या हाती सोपवणं, एवढ्यावरच घेईन. ते जरा नाराज झाले, एवढ्याशा गोष्टीला पूर्ण दिवस कशाला असं त्यांना वाटलं. मी त्यांना पायपर अल्फाबद्दल सांगितलं. उत्तर समुद्रातल्या या तेल प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ ला आग लागून १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि ही गोष्ट रात्रीच्या पाळीपर्यंत पोचली नव्हती. त्यांनी तोच पंप चालू केला. आपल्याकडे दहा हाउसिंगांवर भागलं, पण चूक त्याच जातीची आहे, एवढं त्यांना पटलं. कार्यशाळेत मात्र मी हे उदाहरण मुद्दाम घेतलं नाही. समुद्रातल्या आगीबद्दल लोक हळहळतात आणि आपल्या लेथशी त्याचा संबंध लावत नाहीत. आपल्याच ट्रॉलीवरच्या हाउसिंगशी संबंध लावावा लागत नाही.

आखणीला बसण्याआधी मी पाळी सुटायच्या वेळी लाइनवर जाऊन उभी राहायला लागले, सकाळी, दुपारी आणि रात्रीही. काही विचारायचं नाही, फक्त बघायचं. जे दिसलं त्यातलं निम्मं ट्रेनिंगने सुटणारं नव्हतंच. मिरज, माधवनगर, बुधगावकडची बस पाळी सुटल्यावर दहा मिनिटांत निघायची. नवीन पाळीचे लोक त्याच बसने यायचे. म्हणजे एक जण बेसिनपाशी हात धुतोय, दुसरा लॉकरपाशी एप्रन घालतोय आणि दोघांची गाठ वाटेत पडतेय. "काय हाय?" "सगळं ओके हाय." संपला चार्ज. एका ज्येष्ठ ऑपरेटरना मी नंतर बाजूला घेऊन विचारलं, "काका, नीट चार्ज द्यायचा म्हटलं तर काय काय सांगाल?" त्यांनी मशीनपाशी उभं राहून एका दमात इतकं सांगितलं की मला लिहून घेता येईना. म्हणजे काकांना येत होतं. त्यांना वेळ नव्हता आणि ऐकायला समोर माणूस नव्हता.

कोणतीही कार्यशाळा आखताना हा प्रश्न मी आधी सोडवते: माणसाला येत नाही म्हणून तो करत नाही, की येतं पण परिस्थिती करू देत नाही? दुसरं असेल तर खोलीत बसवून काही उपयोग नाही. म्हणून कार्यशाळेची तारीख ठरवण्याआधी मी बसची वेळ ठरवून घेतली. येणारी पाळी दहा मिनिटं आधी मशीनवर पोचेल आणि जाणारी बस दहा मिनिटं उशिरा सुटेल, असं ठरलं. त्या वेळेचा पगारात हिशेब कसा धरायचा हे एचआर आणि युनियनच्या लोकांनी बसून मिटवलं. हे व्हायला कार्यशाळा आखण्यापेक्षा जास्त दिवस गेले. ते झालं नसतं तर मी कार्यशाळा घेतलीच नसती.

उरलेलं निम्मं मात्र शिकण्यासारखं होतं. तरुण ऑपरेटर वेळ असतानाही घडलेलं सगळं क्रमाने सांगत सुटायचे, त्यात महत्त्वाचं काय ते बुडून जायचं. आणि चार्ज घेणारा तर काहीच करत नव्हता, मान डोलवायचा. त्यामुळे दिवसाचं उद्दिष्ट मी एका वाक्यात लिहिलं आणि ते असं लिहिलं की बघणाऱ्या तिसऱ्या माणसाला ते झालं की नाही हे सांगता यावं: मशीनपाशी उभं राहून, पाच मिनिटांत, जाणाऱ्याने चार गोष्टी सांगायच्या, काय चालू आहे, काय बदललं, काय अर्धवट आहे आणि कशावर लक्ष ठेवायचं. येणाऱ्याने त्यातलं बदललेलं आणि अर्धवट राहिलेलं स्वतःच्या तोंडाने परत म्हणायचं आणि किमान एक गोष्ट मशीनवर स्वतः बघून खात्री करायची. "संवादाचं महत्त्व समजेल" असलं उद्दिष्ट लिहिलं की संध्याकाळी ते साधलं का हे कुणालाच सांगता येत नाही.

मग माणसं निवडायची होती. सहसा ट्रेनिंगला रिकामे असतील ते पाठवले जातात, किंवा एकाच पाळीचे येतात. इथे ते चालणार नव्हतं, कारण चार्ज हा ठरावीक दोन माणसांमधला व्यवहार असतो. लाइनवर सहा मशीन आणि प्रत्येक मशीनवर तीन पाळ्यांचे तीन ऑपरेटर. मी त्या अठराही जणांना एकदम मागितलं. सहा मशीन एक दिवस बंद ठेवायला प्रॉडक्शन कधीच तयार झालं नसतं, पण लाइनचा प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचा दिवस ठरलेलाच होता, तो आम्ही पकडला. आदल्या रात्रीची पाळी लावली नाही. रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला सकाळी नऊला खुर्चीत बसवलं तर तो झोपणारच, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

तिघांचे सहा गट झाल्यामुळे सरावाची रचना आपोआप सुचली. गटात एक जण चार्ज देणार, एक घेणार, तिसरा नुसता बघणार. मग जागा बदलायच्या. सकाळपाळी दुपारपाळीला देते, दुपारपाळी रात्रपाळीला आणि रात्रपाळी परत सकाळपाळीला, म्हणजे प्रत्येकाला आपल्या खऱ्या जोडीदारासोबतच सराव मिळाला.

वेळेचा हिशेब मी सरावापासून उलटा केला. एका चार्जला किती वेळ लागतो? देणाऱ्याला माहितीचं कार्ड वाचायला दोन मिनिटं, प्रत्यक्ष चार्ज पाच मिनिटं, घेणाऱ्याने पहिल्या अर्ध्या तासात काय करणार ते लिहायला दोन मिनिटं, बघणाऱ्याने काय ऐकू आलं ते सांगायला चार मिनिटं. आणि यानंतर तोच चार्ज पुन्हा एकदा, पाच मिनिटांत. वर जागा बदलायला दोन मिनिटं धरली की वीस मिनिटं होतात. तिघांचे तीन चार्ज म्हणजे एक तास. असे तीन फेरे, म्हणजे तीन तास. नऊ ते पाचमधून जेवण आणि दोन चहा वजा केले की साडेसहा तास हातात राहतात, त्यातला निम्मा वेळ सरावात गेला. साहजिकच संवादाचे प्रकार, अडथळे, देहबोली असल्या स्लाइडना जागा उरली नाही. मी प्रोजेक्टर मागवलाच नाही.

या हिशेबात कुणी काटछाट सुचवली तर सगळे जण "पुन्हा एकदा" या पाच मिनिटांवर बोट ठेवतात. माझ्या मते दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ तोच आहे. चूक कळल्यावर लगेच नीट करून बघायला मिळालं तर ते अंगात उतरतं. नुसतं ऐकून पुढच्या खेळाकडे वळलं तर "पुढच्या वेळी बघू" एवढंच हाती उरतं.

खोलीत आम्ही सहा टेबलं सहा मशीन म्हणून मांडली. प्रत्येकावर ट्रेमध्ये दोन-चार हाउसिंग, ऑफसेट पानाची छापील प्रत, प्लग गेज, इन्सर्टची डबी, अडवून ठेवलेल्या पीसला लावायचा होल्डचा पिवळा टॅग आणि लॉगबुकचं पान. प्रत्येक टेबलाच्या कार्डावर पाळीत घडलेल्या बारा गोष्टी लिहिल्या होत्या. त्यातल्या नऊ खऱ्या पण किरकोळ, जसं कूलंट टॉपअप केलं, ट्रॉली उशिरा आली. तीन अशा की त्या कळल्या नाहीत तर पुढच्या अर्ध्या तासात जॉब बिघडेल. कोणत्या तीन, ते कार्डावर लिहिलेलं नव्हतं. ही कार्डं तयार करणं हेच आखणीतलं सगळ्यात कष्टाचं काम होतं. लाइन इन्चार्जसोबत बसून जुनी लॉगबुकं चाळून मी ती लिहिली आणि आधी टूलरूमच्या दोघांवर चालवून बघितली. पहिल्या मसुद्यात महत्त्वाच्या गोष्टी फार उठून दिसत होत्या. "मशीनमधून विचित्र आवाज येतोय" असं लिहिलं तर ते कोण सांगणार नाही? खऱ्या पाळीत महत्त्वाची गोष्ट साधीच दिसते. "टूल नंबर ३ चा इन्सर्ट १०.५० ला बदलला" इतकी साधी.

दिवसाची सुरुवात ओळखीच्या खेळाने केली नाही. रोज एकमेकांचं तोंड बघणाऱ्या माणसांना टाळ्या वाजवून नाव सांगायला लावणं मला पटत नाही. सव्वानऊला सगळे टेबलांपाशी उभे होते आणि मी एवढंच म्हटलं, "रोज देता तसा चार्ज द्या." एका तरुण ऑपरेटरने विचारलं, "मॅडम, ह्यात शिकण्यासारखं काय हाय? रोजचंच की." मी म्हटलं, रोजचं आहे म्हणूनच बघू. पाच मिनिटांनी घेणाऱ्यांनी आपण काय करणार ते लिहिलं, मग कार्डं उघडून त्या तीन गोष्टी ताडून बघितल्या. सहापैकी एकाही गटात तिन्ही पोचल्या नव्हत्या. जे निसटलं होतं ते जवळजवळ सगळीकडे अर्धवट कामच होतं. घेणाऱ्यांचे ते कागद भिंतीला लावून ठेवले. मला काही बोलायची गरजच पडली नाही.

मग दहा हाउसिंगांची गोष्ट घेतली. त्या दुपारपाळीच्या ऑपरेटरशी मी आठवडाभर आधी बोलले होते. मशीन आणि पार्ट बदलून उदाहरण घेते, तुमचं नाव कुठेच येणार नाही, आणि तुम्हाला नको असेल तर घेणारच नाही, असं सांगितलं होतं. तेव्हा ते "बघू" म्हणाले होते. कार्यशाळेत मी मार्करने फळ्यावर वेळेची रेघ काढायला लागले तसे ते उठले. "मॅडम, बदलून कशाला सांगताय? समद्यांना ठावं हाय. मीच सांगतो." त्यांनी मार्कर घेतला आणि १०.४० पासून एकेक मिनिट लिहीत गेले. इन्सर्ट कधी काढला, स्क्रू आवळताना बाहेर बसचा हॉर्न कसा वाजला, ऑफसेटचं पान उघडलेलंसुद्धा होतं. ते आरोपी म्हणून उभे नव्हते आणि त्यांना तसं कुणी वाटूही दिलं नाही. रात्रपाळीचा त्यांचा जोडीदारही मग उठला आणि त्याने आपली बाजू खालच्या रेघेवर लिहिली.

त्यानंतर गटांना मी एकच प्रश्न दिला: या रेघेवर कोणत्या क्षणी, कुणाला, काय बघून कळू शकलं असतं? चूक कुणाची, हा प्रश्न घेतला नाही. उत्तरं चांगली आली. एका गटाचं म्हणणं होतं की काउंटर शून्य दिसला की "काम झालं" असं वाटतं, म्हणून काउंटर शेवटी शून्य करायचा, ऑफसेट मागे घेऊन पहिला पीस मोजल्यावरच. दुसऱ्या गटाने सांगितलं, घेणाऱ्याने फक्त ऑफसेटचं पान उघडलं असतं तरी नव्या इन्सर्टसमोर ०.०४० हा आकडा डोळ्यात भरला असता. ही दुसरी सूचना मला जास्त महत्त्वाची वाटते. कारण दमलेल्या माणसाच्या आठवणीवर आपण किती भिस्त ठेवणार? ताज्या दमाने आलेल्या माणसाचे डोळे कामाला लावले तर तीच चूक दुसऱ्यांदा पकडायची संधी मिळते.

चहा-भडंग झाल्यावर दोन सुपरवायझरनी टूलरूमच्या रिकाम्या लेथवर चार्ज करून दाखवला. चार प्रश्न, बोटाने दाखवत, घेणाऱ्याने परत म्हणत. पाच मिनिटांचा एकच नमुना, नीट केलेला. मग पहिला फेरा सुरू झाला, शांतपणे, नवीन कार्डांवर. बघणाऱ्याला एकच नियम होता: "चांगला दिला", "वाईट दिला" असं म्हणायचं नाही. काय ऐकू आलं, काय आलं नाही आणि घेणाऱ्याने मशीनवर काय बघितलं, एवढंच सांगायचं. सुरुवातीला हा नियम सारखा मोडला जायचा. पण बघणारा जेव्हा "तू होल्डच्या ट्रेबद्दल सांगितलंस, पण त्यानं परत म्हटलं न्हाई" असं बोलायला लागला, तेव्हा पुढची पाच मिनिटं लगेच बदलायची.

जेवणानंतर सगळ्यांना कोरा कागद दिला आणि सकाळचं काही न बघता चार गोष्टी आणि आपल्या मशीनवरचं त्यांचं एकेक खरं उदाहरण लिहायला सांगितलं. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर दाखवलं होतं. आठवडाभराने बघितलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. इथे या लिहिण्याचा आणखी एक फायदा झाला. त्याच कागदांवरून प्रत्येक मशीनच्या तिघांनी रोजच्या चार्जसाठी आपलं कार्ड तयार केलं. चार मथळे माझे, खालचा मजकूर त्यांचा. लेथवाल्यांनी "अर्धवट"च्या खाली लिहिलं: इन्सर्ट बदलला तर ऑफसेट मागे घेतला का, पहिला पीस मोजला का. व्हीएमसी या मिलिंग मशीनच्या तिघांनी लिहिलं: फिक्स्चरचा कोणता क्लॅम्प ढिला होतो. मी कार्यालयात बसून हे लिहू शकले नसते, आणि लिहिलं असतं तरी ते माझं कार्ड झालं असतं.

दुसरा फेरा खोलीबाहेर, कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीला लागून घेतला. तिथे शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, जसं लाइनवर लागतं. बोलणं कमी पडलं की बोट कामाला येतं, हे तिथे सगळ्यांना कळलं. आकडा सांगण्यापेक्षा स्क्रीनवर दाखवायचा, होल्डचा पीस हातात द्यायचा. तिसऱ्या फेऱ्यात एकेक अडचण घातली. एका कार्डावर येणारा दहा मिनिटं उशिरा आलाय, दुसऱ्यावर तो हिंदी बोलणारा नवीन ट्रेनी आहे आणि कालच कामावर लागलाय. ट्रेनीच्या कार्डाने सगळ्यांना थांबवलं. आमच्याकडे बाहेरून आलेली मुलं पुष्कळ आहेत आणि त्यांना काहीही सांगितलं तरी ती "हाँ भैया" म्हणतात. एका काकांनी त्याला "समझा क्या?" असं विचारलं, उत्तर अर्थातच "हाँ" आलं. दुसऱ्या वेळी त्यांनी ते सोडून दिलं आणि म्हणाले, "अब तू बता, पहिला पीस निकलने के बाद क्या करेगा?" परत म्हणायला लावणं कशासाठी, हे मला त्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

संध्याकाळी सकाळचीच परीक्षा नव्या कार्डांवर झाली, बारा गोष्टी, त्यातल्या तीन महत्त्वाच्या. या वेळी बहुतेक गटांत तिन्ही पोचल्या. प्रशिक्षणाचा परिणाम चार पायऱ्यांवर बघायची डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची पद्धत १९५९ पासून चालत आली आहे: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर वागणं बदललं का आणि कामाच्या निकालात फरक पडला का. संध्याकाळपर्यंत मला पहिल्या दोन पायऱ्या कळल्या होत्या. लाइनवर काय होईल हे त्यातून काहीच कळत नव्हतं.

त्याची तजवीज आधीच केली होती. कार्यशाळेच्या आधल्या आठवड्यात तिन्ही पाळ्यांच्या सुपरवायझरना दोन तास बसवून त्यांचं काम ठरवलं होतं. पाळी बदलल्यावर पंधरा मिनिटांनी एका मशीनपाशी जायचं आणि आलेल्या ऑपरेटरला एकच प्रश्न विचारायचा: "तुझ्या मशीनवर काय अर्धवट आहे?" त्याचं उत्तर जाणाऱ्याच्या नोंदीशी ताडून बघायचं. पहिले दोन आठवडे रोज एक मशीन, मग आठवड्यातून दोनदा. सुपरवायझर चार्ज चालू असताना मध्ये उभा राहिला तर दोघंही त्याच्यासाठी नाटक करतात, म्हणून प्रश्न नंतर. आणि चार्ज देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याला विचारायचं, कारण पोचलं का हे त्याच्याकडेच कळतं.

तिसऱ्या आठवड्यात कार्डाशेजारच्या टिकमार्कच्या तक्त्यात गडबड दिसली. सुपरवायझरच्या सोयीसाठी तो लावला होता. पूर्ण आठवड्याच्या खुणा एकाच पेनने, एकाच तिरपेपणाने केलेल्या होत्या आणि "अर्धवट" या रकान्यात रोज "नाही". सहा मशीनवर आठवडाभर काहीच अर्धवट राहत नाही, हे शक्य नाही. आम्ही तक्ता काढून टाकला आणि लॉगबुकमध्येच एक ओळ ठेवली, "अर्धवट राहिलेलं:", जिथे वाक्य लिहावं लागतं. त्या ओळीतही कधी कधी "नाही" येतं, पण आता ते खोटं असलं तर पंधरा मिनिटांनी विचारलेल्या प्रश्नात उघडं पडतं.

रिजेक्शन यामुळे कमी झालं असं मी म्हणणार नाही. त्याच काळात आम्ही इन्सर्टचा ग्रेड बदलला आणि कास्टिंगचा पुरवठादारही बदलला, त्यामुळे आकड्यातला फरक नेमका कशाचा हे वेगळं काढता येत नाही. प्लँट हेडना मी तसंच सांगितलं आणि त्याऐवजी सुपरवायझरच्या वहीतली घेणाऱ्यांची उत्तरं दाखवली. सुरुवातीला "काही नाही", "माहीत नाही" अशी होती, पुढे "टूल ३ नवीन, ऑफसेट शून्य, दोन पीस मोजलेत, तिसरा बघायचाय" अशी व्हायला लागली. वागणं बदललं, एवढं त्या वहीवरून ठामपणे म्हणता येतं.

नवीन माणसाचं काय, हा प्रश्न दोन महिन्यांतच आला, कारण दोन मशीनवरचे ऑपरेटर नोकरी सोडून गेले. एका माणसासाठी पूर्ण दिवसाची कार्यशाळा परत घेता येत नाही. आता नवीन आलेल्याला त्याच्या मशीनचे उरलेले दोघं वीस मिनिटांत तयार करतात, सरावाच्या जुन्या कार्डांपैकी एक घेऊन, दिवसभरात केलं तसंच: एकदा चार्ज, काय ऐकू आलं ते सांगणं आणि लगेच तोच चार्ज पुन्हा. कार्डं मी टूलरूमच्या कपाटात ठेवली आहेत आणि दर काही महिन्यांनी त्यात लाइनवरच्या खऱ्या घटनांवरून एक-दोन नवीन घालते, नाहीतर त्या तीन गोष्टी कोणत्या हे सगळ्यांना पाठ होतं.

आता मेंटेनन्सच्या लोकांनी स्वतःहून विचारलंय. दुरुस्ती अर्धी करून त्यांची पाळी सुटते आणि मशीन प्रॉडक्शनच्या ताब्यात राहतं, तिथला चार्ज आणखी अवघड आहे. देणारा एका खात्याचा, घेणारा दुसऱ्या खात्याचा, आणि दोघांची गाठ पडतेच असं नाही. त्यासाठी ही कार्डं चालणार नाहीत. म्हणून सध्या मी परत पाळी सुटायच्या वेळी पॅनेलपाशी उभी राहून बघते आहे.